हँडओव्हरच्या रेकॉर्डिंगवरून रुग्णाचे टिपण काढताना औषधांचे तपशील गळतात. तुम्ही काय करता?

सुमन_निपाणी

नमस्कार मंडळी. मी निपाणी भागातील एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे अठरा खाटा आहेत. रात्री आठला ड्यूटी बदलते तेव्हा दोन सिस्टरपैकी एक बहुधा बस चुकल्यामुळे उशिरा येते, म्हणून आम्ही काही महिन्यांपासून वॉर्डच्या मोबाइलवर हँडओव्हर रेकॉर्ड करू लागलो. मोबाइलमधले सॉफ्टवेअर त्याचे शब्दांकन करते आणि खाली चार ओळींचा सारांशही देते. तो सारांश आम्ही रुग्णाच्या टिपणात उतरवून घेतो.

मागच्या आठवड्यात सात नंबरच्या काकांच्या बाबतीत जे झाले, त्यामुळे हा धागा काढते आहे. काकांना हृदयाचा त्रास आणि मधुमेह. संध्याकाळच्या सिस्टर गोकाककडच्या आहेत, त्या मराठी उत्तम बोलतात, पण घाईत कन्नड येते. रेकॉर्डिंगमधले बोलणे जवळजवळ असे होते:

"लासिक्स चाळीस सकाळी आठला गेलंय. दुपारी दोनचं होल्ड केलं, बीपी नव्वद-साठ होतं. सरांनी सांगितलंय, रात्री दहाला बघा, वरचं शंभरच्या पुढे असेल तर वीस द्या, नाहीतर फोन करा. केसीएल सिरप बंद केलंय, पोटॅशियम पाच पॉइंट चार आलं. रात्रीचं इन्शुलिन दहा... सहा, सहा, काका जेवत नाहीत. क्लेक्झेन साठ संध्याकाळचं कोट्टिल्ला, फार्मसीतून आलं नव्हतं, आत्ता आलंय. सेफ्ट्रायॅक्सोन एक ग्रॅम सहाला दिलं. टेलमिसार्टन रात्रीची आहे, ती विचारून द्या."

आणि सारांश असा आला: "रुग्ण स्थिर. बीपी कमी. लासिक्स व केसीएल बंद. इन्शुलिन १० युनिट. क्लेक्झेन ७ मि.ग्रॅ. दिले. अँटिबायोटिक व रात्रीच्या गोळ्या चालू."

रात्रीच्या सिस्टरला ट्रॉलीच्या खणात काकांच्या नावाची न फोडलेली क्लेक्झेनची सिरिंज दिसली म्हणून तिने विचारपूस केली. तिला ती दिसली नसती तर मात्रा तशीच राहिली असती. टिपण आटोपशीरही हवे आणि औषधाचा एकही तपशील गळता कामा नये, यासाठी तुमच्याकडे काय पद्धत आहे?

---

चिकोडीचा_राजू

सात मि.ग्रॅ. क्लेक्झेन म्हणजे डासाला द्यायची मात्रा झाली. थट्टा बाजूला ठेवू. आमच्या लॅबमध्येही फोनवर रिपोर्ट सांगताना "सात" आणि "साठ" यांनी आम्हाला पुष्कळ छळले आहे.

---

हुक्केरीचे_काका

सिस्टर, हा विषय काढलात ते फार बरे झाले. माझ्या बायपासनंतर घरी सोडताना मला जे कार्ड दिले, त्यावर रक्त पातळ करण्याच्या गोळीचे नावच नव्हते. मुलाने औषधाच्या दुकानात जाऊन जुनी चिठ्ठी दाखवली तेव्हा कळले. घरी सोडतानाचा कागद तरी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

सुमन_निपाणी

काका, तुमचा अनुभव खरा आहे, पण माझा प्रश्न घरी सोडतानाच्या कार्डाचा नाही. एका ड्यूटीची सिस्टर दुसऱ्या ड्यूटीच्या सिस्टरला तोंडी जे सांगते, त्यावरून काढायच्या टिपणाविषयी मी विचारते आहे.

---

खानापूर_कोड

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, रुग्णालयात नाही, हे आधीच सांगतो. मला हा प्रश्न औषधांच्या यादीचा वाटतो. प्रत्येक औषध कोणत्या मात्रांमध्ये मिळते याची यादी सॉफ्टवेअरला दिली, तर "क्लेक्झेन ७" आले की ते लगेच लाल रंगात दिसेल. एवढे केले की टिपण आपोआप बिनचूक होईल.

---

निवृत्त_ट्यूटर

खानापूरच्या भावांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. क्लेक्झेनची सिरिंज २०, ४०, ६०, ८० मि.ग्रॅ. अशी येते, त्यामुळे ७ हा आकडा यादीत अडकेलच. पण सुमनताईंच्या उदाहरणातली इन्शुलिनची चूक कोणत्याही यादीत अडकणार नाही, कारण रात्रीचे १० युनिटही शक्य आहे आणि ६ युनिटही शक्य आहे. "दहा" आणि "सहा" यांचा कानाला होणारा घोटाळा वेगळाच, शिवाय इथे सिस्टरने बोलता बोलता स्वतःची दुरुस्ती केली आहे. सारांश करणाऱ्याने, मग ते यंत्र असो की माणूस, पहिला आकडा पकडला आणि दुरुस्ती सोडून दिली.

मी पुष्कळ वर्षे नर्सिंगच्या मुलींना शिकवले. त्यांच्या टिपणांत औषधाचे नाव क्वचितच गळत असे. गळत असे ते क्रियापद. औषध दिले, द्यायचे आहे, एक मात्रा रोखली, कायमचे बंद केले, मात्रा बदलली, की अट पूर्ण झाली तरच द्यायचे आहे, या सहा गोष्टी वेगळ्या आहेत आणि पुढची सिस्टर काय करणार हे त्यांच्यावरच ठरते. तुमच्या सारांशात लासिक्स आणि केसीएल दोन्ही "बंद" या एकाच शब्दाखाली गेले. केसीएल खरोखर बंद आहे. लासिक्सची मात्र एकच मात्रा रोखली आहे आणि पुढची अटीवर आहे. रात्रीच्या सिस्टरने "बंद" वाचले की ती दहा वाजता बीपी बघायलाही जाणार नाही, आणि हृदयाच्या रुग्णाला रात्रभर लासिक्स न मिळाल्यास पहाटे तो धापा टाकत उठून बसलेला दिसू शकतो.

म्हणून माझी पद्धत अशी, की रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना सारांश करायचाच नाही. त्या फेरीत फक्त औषधे उतरवायची. ज्या क्रमाने उच्चार झाला त्या क्रमाने, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, एका औषधाला एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला रेकॉर्डिंगमधला मिनिट-सेकंद. मग ओळी मोजायच्या. तुमच्या उदाहरणात सहा औषधे आहेत: लासिक्स, केसीएल, इन्शुलिन, क्लेक्झेन, सेफ्ट्रायॅक्सोन आणि टेलमिसार्टन. शेवटच्या टिपणातही सहाच निघाली पाहिजेत. तुमच्या सारांशात नावाने चारच आहेत. सेफ्ट्रायॅक्सोनचे "अँटिबायोटिक" झाले आणि टेलमिसार्टन "रात्रीच्या गोळ्यां"त विरघळली. नुसत्या मोजणीनेही एवढे हाती लागले असते.

---

गोकाक_फार्मसी

ट्यूटर बाईंना दुजोरा देतो आणि टेलमिसार्टनविषयी थोडे लिहितो. "रात्रीच्या गोळ्या चालू" हे वाक्य मला सगळ्यांत धोक्याचे वाटते. ही गोळी बीपी उतरवते आणि शरीरातले पोटॅशियमही वाढवू शकते. काकांचे बीपी ९०/६० आणि पोटॅशियम ५.४ असताना सिस्टर "विचारून द्या" म्हणाल्या त्याला हेच कारण असणार, जरी त्यांनी ते बोलून दाखवले नाही. सारांशात "विचारून" गेले आणि "द्या" राहिले.

त्यामुळे तपासणीचे आकडे टिपणात वेगळ्या कोपऱ्यात ठेवू नयेत, असे माझे मत आहे. पोटॅशियम ५.४ हा आकडा केसीएलच्या आणि टेलमिसार्टनच्या ओळीतच हवा, आणि बीपी लासिक्सच्या ओळीत. आकडा आणि औषध दूर दूर गेले की त्यांचा संबंध वाचणाऱ्याला स्वतः जोडावा लागतो, आणि रात्री तीन वाजता तो कोणी जोडत नाही.

---

अथणीकर

मला या सगळ्या खटाटोपाचे कारणच कळत नाही. औषधांसाठी ड्रग चार्ट आहे ना? टिपणात औषधे लिहूच नयेत, "औषधे चार्टप्रमाणे" एवढे लिहावे आणि मोकळे व्हावे. दोन ठिकाणी लिहिले की दोन ठिकाणी चुका होतात. शिवाय रुग्णाचे नाव, आजार सगळे मोबाइलमध्ये रेकॉर्ड होते ते वेगळेच. त्या मोबाइलवर उद्या कोण काय ऐकेल याची जबाबदारी कोणाची?

---

निवृत्त_ट्यूटर

अथणीकर, दोन ठिकाणी लिहिल्याने चुका वाढतात हे मला मान्य आहे. ज्या औषधात काहीच बदल नाही, जे वेळेवर गेले आहे, त्याच्यासाठी "चार्टप्रमाणे" चालेल. पण चार्टवर दुपारी दोनच्या लासिक्सच्या चौकोनात गोल काढलेला असतो, फार तर खाली "एच" असे अक्षर असते. का रोखले, पुढे कोणत्या अटीवर द्यायचे आणि अट पूर्ण झाली नाही तर कोणाला फोन करायचा, हे त्या चौकोनात मावत नाही. हँडओव्हरमध्ये तोंडी सांगितले जाते ते नेमके एवढेच, आणि टिपण काढायचे तेही एवढ्यासाठीच.

---

गोकाक_फार्मसी

बाई, इथे मी थोडा वेगळा विचार करतो. "बदल नाही म्हणून चार्टप्रमाणे" अशी सवलत दिली की सेफ्ट्रायॅक्सोन सहाला दिले की नाही हे टिपणात दिसणार नाही. रक्त पातळ करणारी औषधे, इन्शुलिन, अँटिबायोटिक आणि शिरेतून चालू असलेले प्रत्येक औषध बदल असो वा नसो, शेवटची मात्रा किती वाजता गेली यासह लिहावे. बाकी व्हिटॅमिनच्या गोळ्यांना चार्ट पुरेसा आहे.

---

निवृत्त_ट्यूटर

एवढ्यावर मी सहमत होते, जरी अठरा खाटांच्या वॉर्डात हे रोज कितपत जमेल याची मला शंका आहे.

---

नाइट_आयसीयू

बेळगावातल्या आयसीयूमध्ये रात्रपाळी करते. शिरेतून चालू असलेल्या औषधाचा उल्लेख झाला म्हणून आमचा एक प्रसंग लिहिते. हँडओव्हरमध्ये "नॉरअॅड पाचवर आहे" असे सांगितले गेले आणि टिपणातही "नॉरअॅड ५" एवढेच उतरले. पाच म्हणजे पंपावरचे ताशी ५ मि.ली. पण आमच्याकडे कधी ५० मि.ली.त ४ मि.ग्रॅ. भरतात, तर रुग्णाला पाणी कमी द्यायचे असले की ८ मि.ग्रॅ. भरतात. पहिल्या सिरिंजमध्ये ताशी ५ मि.ली. म्हणजे मिनिटाला साधारण ६.७ मायक्रोग्रॅम, दुसऱ्या सिरिंजमध्ये त्याच्या दुप्पट. त्या पहाटे सिरिंज संपल्यावर नवीन भरताना मी ४ मि.ग्रॅ. भरले, वेग तोच ठेवला, आणि पाच-सात मिनिटांत बीपी झपाट्याने खाली आले. आधीची सिरिंज ८ ची होती. सुदैवाने मी पलंगाशेजारीच उभी होते.

तेव्हापासून आमच्या टिपणात पंपावरच्या औषधाची ओळ सिरिंजवरच्या लेबलपासून सुरू होते: किती मि.ग्रॅ., किती मि.ली.त, ताशी किती, आणि गेल्या दोन तासांत वाढवले की कमी केले. रेकॉर्डिंगमध्ये यातले काही सांगितलेले नसेल तर ती जागा आम्ही रिकामी ठेवतो आणि पलंगाजवळ जाऊन भरतो. अंदाजाने भरत नाही.

---

खानापूर_कोड

माझे आधीचे विधान मी मागे घेतो. तरीही एक विचारतो. सारांशात "दिले" कुठून आले? शब्दांकनात तर "कोट्टिल्ला" असायला हवे होते.

---

सुमन_निपाणी

मी मूळ शब्दांकन पुन्हा काढून पाहिले. भाषा मराठी निवडलेली असल्यामुळे त्या जागी "कोटी" असा काहीतरी शब्द उमटला आहे. पुढे "आत्ता आलंय" आहे. त्यावरून सॉफ्टवेअरने स्वतःच अर्थ लावला असावा.

---

चिकोडीचा_राजू

आमच्या सीमाभागातली खरी गंमत इथे आहे. कन्नडमध्ये "कोट्टीनी" म्हणजे दिले आहे आणि "कोट्टिल्ला" म्हणजे दिले नाही. पहिला अर्धा शब्द तोच, फरक फक्त शेपटीत. मराठीतही तेच: "दिलं" आणि "दिलं नाही". आपल्या दोन्ही भाषांत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि हँडओव्हर देणाऱ्या माणसाचा आवाज नेमका शेवटीच पडतो, कारण त्याचे एक पाऊल आधीच जिन्यावर असते.

---

निवृत्त_ट्यूटर

राजू, थट्टेत तुम्ही मोलाचे बोललात. मी मुलींना यासाठीच सांगत असे, की नकार आधी बोला. "क्लेक्झेन संध्याकाळचं दिलं नाही" असे म्हणण्याऐवजी "राहिलेली मात्रा: क्लेक्झेन, संध्याकाळी सहाची" असे म्हणा. "रोखले: लासिक्स, दुपारी दोनचे." मग शेवटचा शब्द ऐकू आला नाही तरी अर्थ बदलत नाही. आकडा असेल तर तो दोनदा बोला, दुसऱ्यांदा एकेक अंक सुटा करून: "साठ, सहा शून्य." "पंधरा, एक पाच." टिपणात लिहितानाही युनिट हा शब्द पूर्ण लिहा, आकड्याला चिकटून इंग्रजी यू काढू नका, कारण तो शून्यासारखा दिसतो आणि सहाचे साठ होतात.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा. शब्दांकन करू द्या, त्याने हात वाचतो. पण सॉफ्टवेअरचा सारांश औषधांच्या भागासाठी वापरू नका. ऐकू न आलेली जागा रिकामी सोडण्याऐवजी ते शोभेल असे काहीतरी भरते, आणि भरलेली जागा रिकाम्या जागेपेक्षा वाईट. झोप, जेवण, लघवीचे प्रमाण, नातेवाइकांशी झालेले बोलणे, यासाठी तो सारांश खुशाल घ्या.

---

अथणीकर

माझ्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता? २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि रुग्णाचा आजार ही वैयक्तिक माहितीच आहे.

---

नाइट_आयसीयू

आमच्याकडे रुग्णाचे नाव घेत नाही, खाट क्रमांक आणि केस शीटचा क्रमांकच बोलतो, आणि टिपणावर दोघींच्या सह्या झाल्या की रेकॉर्डिंग पुसतो. पण काही डॉक्टरांचे म्हणणे असे, की चूक झालीच तर पुरावा म्हणून ते ठेवायला हवे. यावर आमच्या व्यवस्थापनाने काहीच ठरवलेले नाही.

---

सुमन_निपाणी

सर्वांचे आभार. काल रात्री बसून ट्यूटर बाईंच्या पद्धतीने तेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले, सहा ओळी उतरवल्या, त्या दिवशीचा ड्रग चार्ट शेजारी घेतला आणि टिपण नव्याने लिहिले. बघून सांगा.

खाट ७. हँडओव्हर रात्री ८.
राहिलेली मात्रा: क्लेक्झेन ६० मि.ग्रॅ., सायंकाळी ६ ची. फार्मसीतून उशिरा आले, आता वॉर्डात आहे. द्यायची.
रोखले: लासिक्स ४०, दुपारी २ चे, बीपी ९०/६०. शेवटची मात्रा सकाळी ८ ला ४०.
अटीवर: लासिक्स २०, रात्री १० ला बीपी पाहून. वरचे १०० च्या पुढे असेल तरच. नसेल तर डॉक्टरांना फोन. शिरेतून की गोळी, हे रेकॉर्डिंगमध्ये नाही, विचारावे.
बंद: केसीएल सिरप, पोटॅशियम ५.४.
बदलले: रात्रीचे इन्शुलिन १० युनिटवरून ६ युनिट, जेवण नाही. चार्टवर १० खोडलेले आहे, ६ लिहिलेले नाही, सही नाही. डॉक्टरांकडून पक्के करावे.
विचारल्याशिवाय देऊ नये: टेलमिसार्टन, रात्रीची, बीपी ९०/६०, पोटॅशियम ५.४.
दिले: सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम, सायंकाळी ६.

याला मला नऊ मिनिटे लागली. अठरा रुग्णांना एवढा वेळ देणे शक्य नाही, म्हणून सध्या ज्यांच्या औषधात त्या ड्यूटीत काही बदल झाला आहे अशांपुरतेच करायचे ठरवले आहे. त्या रात्री असे पाच रुग्ण होते. आणि संध्याकाळच्या सिस्टरने जाण्यापूर्वी औषधांच्या ओळी मोठ्याने वाचून ऐकायच्या, तिने होकार दिल्यावरच सही. यावर तिची बस कशी चुकते हा वाद आमच्याकडे सुरू झाला आहे.

---

हुक्केरीचे_काका

आता मला तुमचा प्रश्न समजला, सिस्टर. एक अडाणी शंका. इन्शुलिनचे ६ कोणी ठरवले? सिस्टरने की डॉक्टरांनी?

---

सुमन_निपाणी

काका, शंका अजिबात अडाणी नाही. रेकॉर्डिंगमध्ये ते नाही. लासिक्सच्या वेळी "सरांनी सांगितलंय" असे आहे, इन्शुलिनच्या वेळी नाही. "कोणी सांगितले" ही जागा मी टिपणात वाढवते.

---

गोकाक_फार्मसी

टिपण चांगले झाले आहे, पण क्लेक्झेनची ओळ अर्धी आहे. ते दिवसातून दोनदा होते ना? सहाची मात्रा उशिरा दिली तर पुढची सकाळी सहालाच द्यायची की पुढे ढकलायची, हे विचारून त्याच ओळीत लिहायला हवे. त्या रात्री प्रत्यक्षात काय झाले?

---

सुमन_निपाणी

आत्ता चार्ट पाहिला. रात्रीची मात्रा साडेनऊला गेली आहे. सकाळची बरोबर सहाला गेली आहे, म्हणजे साडेआठ तासांनी, आणि त्यापुढे सही माझी आहे.